साठ खणांत अक्काचे दागिने

अक्कानं रविवारी सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं, की आपले सगळे दागिने ती सोनाराला वितळवायला देणार आहे. सांगितलं तेही अशा सुरात, की जणू घरातली रद्दी काढायची आहे. भाऊंनी कप उचलला होता तो तसाच बशीत ठेवला.

"सगळे?"

"सगळे. उद्या फोन करते त्याला. काटा घेऊन ये म्हणावं."

अक्काच्या बोलण्यात 'बहुतेक', 'बघू', 'विचार करते' असले शब्द सहसा येत नसत. बेचाळीस वर्षं ती घराच्या पुढच्या दिवाणखान्यात नाच शिकवत आली होती आणि त्या काळात तिच्या तोंडच्या ठेक्याला उलट उत्तर द्यायची कुणाची छाती झाली नव्हती. पंचाहत्तरी उलटली तरी तोंडाचा पट्टा तसाच होता. धाकट्या भावानं, म्हणजे भाऊंनी, तर साठ-सत्तर वर्षं तो झेलला होता.

आता हे दागिने म्हणजे काही तिजोरीतलं घबाड नव्हे. रंगमंचावरचे दागिने ते. चांदीचे हार, बाजूबंद, अठरा जोड पैंजण, काही चांदीचे तर काही सोन्याचं पाणी दिलेले कंबरपट्टे, केसांत माळायच्या बारीक साखळ्या, मोत्यांचे सर. अक्का जिथे जिथे कार्यक्रमाला गेली तिथून एक एक करून जमवलेले. तिचं स्वतःचं नाचणं थांबल्यावर ते शिष्यांच्या अंगावर चढू लागले. कुणाचाही कार्यक्रम असो, चार दिवस आधी ती मुलगी येणार, अक्का ट्रंक उघडणार, आणि पुढचा तासभर घरात नुसता किलबिलाट होणार.

भाऊंचा जीव अडकला होता तो त्या किलबिलाटात. ते ग्रंथपाल होते. चाळीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसून त्यांनी नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर एकटं राहवेना म्हणून पाच वर्षांपूर्वी ते बहिणीकडे राहायला आले, आणि आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला शांतता मुळीच आवडत नाही. दुपारी चार वाजता दारात चपलांचा ढीग पडला की त्यांना बरं वाटे. दागिने गेले की कार्यक्रम जाणार, कार्यक्रम गेले की शिष्या जाणार, आणि मग या घरात उरणार कोण, तर एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा पाळणारी दोन म्हातारी माणसं.

"पण का?" त्यांनी विचारलं.

"का म्हणजे? उघडून बघ ती ट्रंक. मग विचार."

भाऊंनी उघडून बघितली. वर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुरचुंड्या होत्या. त्याखाली जुनी लोकरीची शाल, आणि शालीत सगळ्या साखळ्यांचा मिळून एक गोळा. किती साखळ्या असतील ते सांगता येत नव्हतं, कारण टोक एकीचंही दिसत नव्हतं. चांदी कुठे तपकिरी तर कुठे तव्यासारखी काळी. एका मोत्याच्या सराशेजारी खड्यांची कर्णफुलं कोंबलेली होती आणि मोत्यांवर त्या खड्यांनी ओरखडे काढले होते. मागच्याच महिन्यात एका शिष्येला लावून बघायला अक्कानं त्या गोळ्यातून एक साखळी ओढली होती, तर तिच्या हातात अर्धीच साखळी आली. त्या दिवशी अक्का जेवली नव्हती.

"मला एक महिना दे," भाऊ म्हणाले.

"महिन्यात काय दिवे लावणार आहेस?"

"अक्का, मी साडेअकरा हजार पुस्तकं जागेवर ठेवलेला माणूस आहे. तीनशे दागिने मला जड नाहीत."

"पुस्तकं काळी पडत नाहीत."

"पिवळी पडतात."

एवढ्या बळावर भाऊंनी महिना पदरात पाडून घेतला. ठरलं असं, की चौथ्या रविवारी सोनार काटा घेऊन येईल. तोपर्यंत भाऊंनी काय करायचं ते करावं. अक्काला पटलं तर सोनार चहा पिऊन परत जाईल, नाही पटलं तर ट्रंक घेऊन.

दुसऱ्याच दिवशी दारात एक टेम्पो उभा राहिला आणि दोन हमालांनी आत एक कपाट आणलं. लायब्ररीतलं पुस्तकांच्या कार्डांचं कपाट. छोटे छोटे साठ खण, प्रत्येकाला पितळी मूठ आणि मुठीच्या वर कागदाची चिठ्ठी सरकवायची चौकट. कॉम्प्युटर आल्यापासून ते बिचारं जिन्याखाली धूळ खात पडलं होतं. भाऊंनी जुन्या हाताखालच्यांशी गोड बोलून ते उचलून आणलं.

"औषधाचं दुकान टाकतोयस का?" अक्कानं विचारलं.

"तू फक्त बघत राहा."

"मला वेळ नाही बघायला," असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि दार मात्र चांगलं वीतभर उघडं ठेवलं.

पहिलं काम गोळा सोडवायचं. भाऊंनी एक टोक शोधून जरा ओढलं, तर गोळा आणखी आवळला. दोन दिवस त्यांनी त्याच्याशी झटापट केली आणि तिसऱ्या दिवशी हार मानून ते क्लास सुटायची वाट बघत बसले. अक्काच्या शिष्यांत एक दातांची डॉक्टर होती. चाळिशी ओलांडल्यावर नाच शिकायला आलेली, अंगानं भरलेली, आणि हसायला लागली की खिडक्यांची तावदानं हलतील अशी. घरात सगळे तिला डॉक्टरीणच म्हणत. पुढच्या महिन्यात तिचा पहिला कार्यक्रम होता, आणि ती अर्धी तुटलेली साखळी तिलाच द्यायची होती.

डॉक्टरीण गोळ्याकडे वाकून बघत म्हणाली, "भाऊ, हे ओढायचं नसतं. हे मोकळं करायचं असतं. उद्या माझी हत्यारं आणते."

दुसऱ्या दिवशी ती दात तपासायच्या दोन आकड्या घेऊन आली. काचेच्या टेबलावर गोळा ठेवला, त्यावर लहान बाळाच्या तेलाचे चार थेंब सोडले, आणि बोटांच्या टोकांनी तो नुसता हलक्या हातानं चहूकडून फुलवत राहिली, कापूस पिंजावा तसा. गाठी सैल पडल्यावर एका आकडीनं कडी धरायची, दुसरीनं शेजारची साखळी वर उचलायची. टोकाला हातच लावायचा नाही. टोक आपोआप बाहेर येतं.

"दातांपेक्षा बरं," ती म्हणाली. "हे ओरडत नाही."

तीन दुपारी गेल्या. पहिली साखळी सुटली तेव्हा भाऊंनी टाळ्या वाजवल्या. चौथीपर्यंत त्यांच्याही हाताला वळण आलं. एकूण अकरा साखळ्या निघाल्या आणि एक कानातला डूल, जो हरवला म्हणून अक्कानं नऊ वर्षांपूर्वी एका मुलीला रडवलं होतं.

"तिला फोन करायला हवा," आतून आवाज आला.

"तुला वेळ नाही ना बघायला?" भाऊ म्हणाले.

थोड्या वेळानं आतून फोन लावल्याचा आवाज आला, आणि बेचाळीस वर्षांत अक्काच्या तोंडून कुणी ऐकला नसेल असा एक शब्द भाऊंच्या कानावर पडला. ती त्या मुलीची चक्क माफी मागत होती.

साखळ्या पुन्हा गुंतू नयेत म्हणून डॉक्टरणीनंच युक्ती सांगितली. शीतपेय प्यायची नळी घ्यायची, साखळीच्या निम्म्या लांबीची कापायची, साखळी तिच्यातून ओवायची आणि आकडा लावून टाकायचा. जिला टोकच मोकळं नाही ती गुंतणार कशी? भाऊंनी अकराच्या अकरा साखळ्या नळ्यांत ओवल्या आणि स्वतःवर इतके खूश झाले, की त्या रात्री दोन घास जास्त जेवले.

काळेपणाचं मात्र वेगळं होतं. अक्कानं सांगितल्याप्रमाणे त्यांनी सगळी चांदी चुन्याच्या मऊ भुकटीनं पुसून उजळवली, पण ती आठवडाभरात पुन्हा मंद दिसायला लागणार हे त्यांना ठाऊक होतं. बाजारात सराफांना पेट्या, पिशव्या, बटवे पुरवणारं एक दुकान होतं. दुकानाची मालकीण गल्ल्यावर बसून एकीकडे बटव्यांना नाड्या ओवत असे. भाऊंनी तिच्याकडून काळं पडू न देणाऱ्या पट्ट्या आणल्या, कागदासारख्याच, बोटभर रुंदीच्या. घरी येऊन प्रत्येक खणात एक अशी टाकली आणि वर सगळी चांदी मांडली. चार दिवसांनी चांदी होती तशीच मंद होऊ लागली. भाऊ तावातावानं दुकानात गेले.

"तुमच्या पट्ट्या बाद आहेत."

"कशात ठेवल्यात?"

"खणात."

"खणाला फटी आहेत?"

"असणारच की. लाकडी कपाट आहे."

बाईनं हातातली नाडी खाली ठेवली. "काका, हवेत गंधक असतो. स्वयंपाकघरातून येतो, रस्त्यावरून येतो. त्यानं चांदी काळी पडते. ही पट्टी तो गंधक स्वतः खाऊन टाकते. पण तुम्ही फटीतून रोज ताजी हवा आत सोडणार, तर ती बिचारी सगळ्या गावाचा गंधक खात बसेल काय? दागिना दाबून बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, त्यातच पट्टी घाला, हवा दाबून काढा आणि तोंड बंद करा. पिशवी मग कुठेही ठेवा. आणि पट्टीवर तारीख लिहा. सहा महिन्यांनी बदला."

'तारीख लिहा' हे ऐकून भाऊंचा राग कुठल्या कुठे पळाला. तारखा लिहायची संधी मिळाली की त्यांना दुसरं काही लागत नसे. त्यांनी जाड पिशव्यांचे चार गठ्ठे घेतले, सोनेरी पाणी दिलेल्या दागिन्यांसाठी मऊ कापडाचे बटवे घेतले, आणि बाईनं वर फुकट दिलेल्या, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्याही घेतल्या.

त्या पुड्यांवरून घरात भडका उडाला. भाऊ मोत्यांचे सर एक एक करून पिशव्यांत भरत होते आणि प्रत्येकात ओल शोषायची एकेक पुडी टाकत होते. वीतभर उघडं असलेलं दार धाडकन पूर्ण उघडलं.

"मोत्यांना हात लावू नकोस!"

"अगं, कोरडे राहतील..."

"कोरडे राहायला ते शेंगदाणे आहेत काय? मोत्याला हवा लागते, थोडी ओल लागते. तसा कोंडलास तर वाळून भेगा पडतील त्याला. मऊ कापडात गुंडाळ. एका कापडात एकच सर. आणि आडवा ठेव, टांगू नकोस, आतला रेशमी दोरा लांबतो. इतकी वर्षं मी काय गळ्यात दगड घालून नाचत होते?"

भाऊंनी पुड्या मुकाट्यानं काढल्या. पण मनातून त्यांना गुदगुल्या झाल्या, कारण त्यानंतर अक्का आत गेलीच नाही. खुर्ची ओढून बसली आणि दोन तास हुकूम सोडत राहिली. खड्यांची कर्णफुलं मोत्यांपासून लांब. प्रत्येक जोडाला वेगळी पिशवी, खडा खड्यालाही सोडत नाही. अत्तर लावून घातलेला हार पुसल्याशिवाय आत जायचा नाही. भाऊ चिठ्ठ्यांवर बारीक अक्षरात सगळं टिपत गेले. खण सतरा, पाच पदरी हार. खण अठरा, बाजूबंद, जोडी. प्रत्येक दागिन्याचं एक कार्ड, आणि कार्डाच्या मागे चार रकाने: कुणी नेला, सही, नेल्याची तारीख, परत करण्याची तारीख.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. भाऊ बाजारातून परतले तेव्हा अक्का कपाटासमोर एकटीच उभी होती. तिच्या हातात एक पिशवी होती. पिशवीच्या तोंडाची ती बारीक पट्टी चिमटीत धरायचा ती प्रयत्न करत होती. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले, चिमूट जमतच नव्हती. एकदा, दोनदा, तीनदा तिनं करून बघितलं. मग पिशवी जागेवर ठेवली, खण लावला, आणि साडीच्या पदरानं डोळे टिपले.

भाऊ दारातूनच मागे फिरले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. त्यांना स्वतःचाच राग आला. चांदी काळी पडली, साखळ्या गुंतल्या, हे सगळं खरं होतं, पण बहिणीचं दुखणं ते नव्हतंच. ज्या हातांनी तिनं शंभर मुलींना सजवलं, त्या हातांना आता आकडा निघत नव्हता आणि गाठ सुटत नव्हती. ते सांगण्यापेक्षा सगळं वितळवून टाकणं तिला सोपं वाटलं. आणि हा मोठा ग्रंथपाल, इतकी वर्षं एका घरात राहून, त्याला ते दिसलं नव्हतं.

त्यांनी काही बोलायचं नाही असं ठरवलं. अक्काला कीव केलेली खपत नसे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या दुकानात गेले, रुंद साटिनची फीत घेतली आणि कागदाला भोकं पाडायचं यंत्र काढून कामाला बसले. पिशवीच्या तोंडाला, बंद होणाऱ्या पट्टीच्या वर, दोन ओठ असतात. दोन्ही ओठांना एकेक भोक पाडायचं आणि प्रत्येकातून फितीचा मोठा फासा ओवायचा. भोक पट्टीच्या वर असल्यामुळे हवा आत जात नाही. उघडताना मात्र चिमूट लागत नाही. दोन फाशांत दोन बोटं अडकवून ओढलं, की पिशवी उघडते. बंद करायला टेबलावर ठेवून तळहात फिरवला की पुरे. बटव्यांच्या नाड्यांनाही तसेच फासे. दोनशे चाळीस पिशव्या, चारशे ऐंशी भोकं. भाऊंच्या अंगठ्याला फोड आला.

"हे काय सोंग?" अक्कानं विचारलं.

"शोभेसाठी," भाऊ म्हणाले.

शनिवारी दुपारी सगळं संपलं. साठ खण भरले, साठ चिठ्ठ्या लागल्या. सोनार उद्या येणार. भाऊंनी शेवटचं म्हणून, नुसतं डोळे भरून बघायचं म्हणून, पैंजणांचा खण उघडला. पिशवी उघडून एक जोड बाहेर काढला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पैंजणावर मधोमध एक काळाकुट्ट पट्टा होता. दुसऱ्या जोडावर तसाच. तिसऱ्यावर, चौथ्यावर, अठराच्या अठरा जोडांवर. गुंडाळून ठेवलेल्या चांदीच्या दोन कंबरपट्ट्यांवरही. पट्ट्या आत होत्या, तारखा होत्या, पिशव्या घट्ट बंद होत्या, आणि तरी चांदी काळी पडली होती, तीही पट्टी मारल्यासारखी सरळ रेषेत.

रेषा बघून मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. जोडीतला एक इकडे आणि एक तिकडे होऊ नये म्हणून त्यांनी पिशव्यांत भरतानाच पैंजणांच्या प्रत्येक जोडाला, आणि उलगडू नयेत म्हणून त्या दोन कंबरपट्ट्यांनाही, रबर बँड लावला होता. चाळीस वर्षं कार्डांच्या गठ्ठ्यांना लावत आले तसाच. हात सवयीनं खिशात गेला होता, खिशात नेहमीसारखे रबर बँड होते, आणि डोक्याला कुणी विचारलंच नव्हतं.

ते तिथेच स्टुलावर बसले. अक्का झोपली होती. पैंजण सगळ्यात मागच्या खणात सरकवता आले असते. उद्या सोनारासमोर पहिले दहा खण उघडून दाखवायचे, बाकीचं नंतर निस्तरायचं. भाऊंनी हा विचार केला, नाही असं नाही. मग त्यांना आठवलं, की आपल्या हातून पुस्तक हरवलं तर ते आपण कधीही दुसऱ्याच्या नावावर टाकलं नव्हतं. त्यांनी छत्तीसच्या छत्तीस पैंजण बाहेर काढले, रबर बँड कापून टाकले, आणि सगळे टेबलावर, दारातून आल्याबरोबर दिसतील असे मांडून ठेवले.

रविवारी सोनार आला. कपाळावर भिंग चढवलेला, कमी बोलणारा माणूस. हातात काटा. त्याच्या मागोमाग डॉक्टरीणही टपकली. तिला म्हणे सहज इकडून जायचं होतं.

अक्कानं टेबलाकडे बघितलं. "हे काय?"

"माझी चूक," भाऊ म्हणाले. "रबर बँड लावले मी. सगळं बिघडवलं. तू म्हणशील ते मला कबूल आहे."

सोनारानं भिंग डोळ्यावर ओढलं, एक पैंजण उचलून उजेडात धरला, आणि मग चक्क हसला.

"भाऊ, रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात. तुम्ही हवेतला गंधक खायला पट्टी ठेवलीत, आणि वर दागिन्याला गंधक बांधूनच ठेवलात. पट्टी काय करणार?"

डॉक्टरणीच्या तोंडून एक फुसका आवाज निघाला. तिनं हातानं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता. अक्काचे खांदे हलायला लागले. भाऊंना वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीचा हात धरून हसत होती.

"साडेअकरा हजार पुस्तकं!" तिला बोलता येईना. "साडेअकरा हजार... आणि खिशात रबर बँड!"

सोनारानं पिशवीतून एक कापड काढलं आणि काळा पट्टा घासला. चारदा फिरवल्यावर खालून पांढरी चांदी दिसू लागली. "आठवड्या-दोन आठवड्यांचा डाग आहे, वरवरचा. निघेल. पण रोज घासू नका, घासून घासून नक्षी जाते. जोड बांधायचाच तर सुती नाडीनं बांधा." मग त्यानं एक खण उघडला, दुसरा उघडला, नळीतली साखळी बाहेर काढून पुन्हा आत घातली, कापडातला मोत्यांचा सर बोटानं चाचपला. "हे कुणी केलं?"

"त्यानंच," अक्का डोळे पुसत म्हणाली.

"आमच्या दुकानात असं नाही," सोनार म्हणाला.

भाऊंचा जीव निम्मा भांड्यात पडला. निम्मा अजून अक्काकडे होता. ती उठली, कपाटापाशी गेली, आणि चिठ्ठ्या वाचत वाचत सतराव्या खणापाशी थांबली. मूठ धरून खण ओढला. पिशवी टेबलावर ठेवली. वाकडी झालेली दोन बोटं तिनं दोन फाशांत अडकवली आणि ओढली.

पिशवी उघडली.

कुणाला हाक मारावी लागली नव्हती. तिनं हार बाहेर काढला, पाच पदरांचा, पाचही पदर सुटे आणि पांढरेशुभ्र, आणि तो गळ्याशी धरून भिंतीवरच्या आरशात बघितलं. ती भाऊंकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"शोभेसाठी काय?" ती म्हणाली. "लबाड कुठला."

मग एकदम तिचा नेहमीचा आवाज परत आला. "डॉक्टरीण, आकडा लाव मागून. आणि तुझ्या कार्यक्रमाचे दागिने आत्ताच ठरवू, उगाच शेवटच्या दिवशी घाई नको. मी काढून देते, तू फक्त उभी राहा. सोनारभाऊ, काटा ठेवा तो बाजूला. चहा घेऊन जा."

पुढचा तासभर घरात नुसता गलका होता. अक्का खण उघडत होती, फासे ओढत होती, डॉक्टरणीच्या दंडावर बाजूबंद लावून बघत होती, हा नको, तो काढ, सरळ उभी राहा. सोनार चहाचा कप हातात धरून एकेक पैंजण पुसून देत होता, आणि भाऊ त्यांच्यावर पांढऱ्या नाड्या बांधत होते. ते इतके सुखात होते, की नाडीच्या गाठी दोनदा चुकल्या.

सगळे निघायच्या वेळी भाऊंनी कार्डं पुढे केली. डॉक्टरणीनं सह्या केल्या. अक्का गळ्यात हार घालूनच खुर्चीत बसली होती.

"अक्का, सही."

"माझा हार, माझं घर, आणि मी सही करू?"

"खणातून बाहेर गेलेल्या वस्तूवर सही लागते. नियम म्हणजे नियम."

अक्कानं पेन मुठीत धरलं आणि मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली. मग शेवटच्या रकान्यापाशी थांबली. परत करण्याची तारीख. चाळीस वर्षांत भाऊंनी त्या रकान्यात तारखेशिवाय दुसरं काही लिहू दिलं नव्हतं. अक्कानं तिथे लिहिलं, 'बघू'.

भाऊंनी कार्ड वाचलं आणि खण सतरामध्ये लावून टाकलं.